वॉशिंग मशिनवर एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती उपकरणांच्या दुकानात मी बरीच वर्षं काउंटरवर होतो. मशिनची किंमत ठरली, कार्ड मशिनमध्ये सरकवायची वेळ आली की आम्ही हळूच म्हणायचो, "सर, वर साडेतीन-चार हजारांत अजून दोन वर्षं टेन्शन नाही." मशिनपेक्षा त्या चार हजारांवर दुकानाला टक्केवारीने जास्त सुटायचं आणि आम्हालाही इन्सेंटिव्ह असायचा. आता दुकान सुटलं, पण नातेवाईक आणि सोसायटीतले लोक तेच प्रश्न विचारत राहतात. सगळ्यात जास्त विचारणा फ्रंट लोड वॉशिंग मशिनची असते, म्हणून इथे तेच उदाहरण धरलं आहे.

पैसे आज भरले तर संरक्षण कधीपासून मिळतं?

कंपनीची वॉरंटी संपल्यावर. फ्रंट लोडवर साधारण दोन वर्षांची पूर्ण वॉरंटी असते. त्यावर दोन वर्षांची वाढीव घेतली तर तुम्ही विकत घेतलेला काळ म्हणजे तिसरं आणि चौथं वर्ष. पावतीवर "4 वर्षांची वॉरंटी" असं छापलेलं दिसलं की चारही वर्षं या पैशांतून आली असं वाटतं. त्यातली पहिली दोन तुमचीच होती, मशिनच्या किमतीत आलेली.

म्हणून "मशिन बिघडलं तर काय?" असा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते असं: या मशिनचं तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी काय बिघडतं, त्याला किती खर्च येतो, आणि त्यातलं किती ही वॉरंटी भरून देते?

मग फ्रंट लोडचं काय, कधी बिघडतं?

बिघाड वयाप्रमाणे येतात. कारखान्यातून दोष घेऊन आलेली वस्तू बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांतच तोंड दाखवते. एखादं सोल्डर कच्चं असतं, पाइपचा जोड गळतो, दाराचं लॉक नीट बसत नाही. हे सगळं कंपनीच्या वॉरंटीत जातं. झिजेचे बिघाड उशिरा येतात. या दोन्हींच्या मधला काळ सगळ्यात शांत असतो आणि एक्स्टेंडेड वॉरंटी नेमकी त्याच काळावर विकली जाते.

झिजेचं मोठं दुखणं म्हणजे बेअरिंग. ड्रमच्या मागे ऑइल सील असतं. ते झिजलं की पाणी बेअरिंगपर्यंत पोचतं, बेअरिंग गंजतं आणि स्पिनच्या वेळी मशिन विमानासारखं घरघरायला लागतं. घरबसल्या ओळखायचं असेल तर मशिन बंद असताना दार उघडा, रिकामा ड्रम हाताने फिरवा आणि कान लावा. खरखर ऐकू आली किंवा ड्रम वर-खाली हलवल्यावर ढिला वाटला, तर बेअरिंग चाललं. काही मॉडेलमध्ये बाहेरचा प्लॅस्टिकचा टब जोडून बंद केलेला असतो. तिथे बेअरिंग सुटं बदलता येत नाही, सगळी असेंब्लीच घ्यावी लागते आणि बिल पाच आकड्यांकडे जातं. ड्रमला मागून धरणारा तीन पायांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर साबणाच्या पाण्याने खाल्ला जातो, तोही याच वयात. घरगुती वापरात ही दुखणी बहुधा पाच-सहा वर्षांनंतर येतात. तोवर तुमची वाढीव वॉरंटी संपलेली असते.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतात ती किरकोळ कामं: ड्रेन पंप, दाराचं लॉक, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, बोअरचं जड पाणी असेल तर क्षार बसून गेलेला हीटर. आणि या वयातलं एकच मोठं नाव म्हणजे पीसीबी, मशिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, ज्याला मेकॅनिक "कार्ड" म्हणतात. वीज अचानक वाढल्याने, ओल लागल्याने किंवा आत झुरळं शिरल्याने ते जातं. वॉरंटी विकताना भीतीही त्याचीच घातली जाते.

"मोटरवर 10 वर्षं वॉरंटी" लिहिलंय, मग वाढीव कशाला?

ती मोटरच्या पार्टवर असते. पहिली दोन वर्षं गेल्यावर येण्या-जाण्याचा व्हिजिट चार्ज आणि बसवण्याची मजुरी सहसा तुमचीच. शिवाय आजकालच्या इन्व्हर्टर मोटरमध्ये झिजणारे कार्बन ब्रशच नसतात, त्यामुळे ती क्वचितच जाते. जे सहसा बिघडत नाही त्याची हमी कंपनी मोकळ्या हाताने देते. निर्णय घेताना हा आकडा बाजूलाच ठेवा.

दुरुस्तीचा इतिहास मला कुठून मिळणार?

तीन ठिकाणं आहेत आणि तिन्ही फुकट.

पहिलं म्हणजे शेजारी. सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, पण प्रश्न नीट घाला. "कोणाचं मशिन बिघडलं का?" असं विचारलंत तर ज्यांना त्रास झाला तेवढेच बोलतील. त्याऐवजी असं लिहा: "ज्यांचं फ्रंट लोड मशिन चार वर्षांहून जुनं आहे, त्यांनी सांगा: तिसऱ्या आणि चौथ्या वर्षात काही खर्च आला का? नसेल तर 'शून्य' लिहा." ते शून्य महत्त्वाचे असतात, नाहीतर हिशोब खोटा पडतो. शेजाऱ्यांचा आणखी एक फायदा असा की पाणी तेच, वीज तीच, उंदीर तेच.

दुसरं म्हणजे तुमच्या भागातला मेकॅनिक, जो सगळ्या कंपन्यांची मशिनं उघडतो. त्याला "कुठली कंपनी चांगली?" विचारू नका, त्याचं उत्तर दर आठवड्याला बदलतं. "तीन-चार वर्षं जुन्या मशिनला तुम्ही शेवटचे पाच पार्ट कुठले टाकले?" असं विचारा. हात पुसत तो यादी सांगतो, ती तोंडपाठ असते.

तिसरं म्हणजे कंपनीचं सर्व्हिस सेंटर. मॉडेल नंबर सांगून कार्ड, ड्रेन पंप आणि दाराचं रबर यांची आजची किंमत आणि व्हिजिट चार्ज विचारा. दहा मिनिटांचं काम आहे. या आकड्यांशिवाय वॉरंटी स्वस्त की महाग हे ठरवताच येत नाही.

प्रत्यक्ष हिशोब करून दाखवाल का?

आमच्या तीन विंगच्या सोसायटीत मी हे केलं. एका शेजाऱ्यांनी 32,000 रुपयांचं सात किलोचं मशिन ठरवलं होतं आणि दुकानदार दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीचे जीएसटीसकट 3,800 मागत होता.

ग्रुपवर 18 घरांची उत्तरं आली. 11 जणांनी "शून्य" लिहिलं. उरलेल्या सात घरांची तिसऱ्या-चौथ्या वर्षातली बिलं अशी होती: ड्रेन पंप दोघांकडे, 1,700 आणि 1,500. दाराचं लॉक 1,400. पाण्याचा व्हॉल्व्ह 1,100. दाराचं रबर फाटलं, 2,900. उंदराने वायरिंग कुरतडलं, 1,800. आणि एकाचं कार्ड गेलं, 7,200. एकूण 17,600 रुपये. अठरा घरांत वाटले तर घरटी साधारण 980.

इथे बरेच जण थांबतात, पण अजून एक चाळणी लावायची राहते: यातलं वॉरंटीने काय भरून दिलं असतं? आम्ही प्लॅनच्या अटी उघडून एकेक बिल तपासलं. रबर वगळलेलं होतं. उंदीरही वगळलेला. 1,500 वाल्या पंपात पाच रुपयांचं नाणं आणि केसांची पिन अडकली होती, तेही "बाहेरची वस्तू" म्हणून वगळलेलं. उरलं पंप 1,700, लॉक 1,400, व्हॉल्व्ह 1,100 आणि कार्ड 7,200, म्हणजे 11,400 रुपये. घरटी सुमारे 630.

म्हणजे सरासरी 630 रुपयांच्या भरपाईसाठी 3,800 मागितले जात होते. अठराही घरांनी वॉरंटी घेतली असती तर मिळून 68,400 भरले असते आणि परत आले असते 11,400.

पण 18 घरं म्हणजे काय मोठा नमुना नाही. नशीब चांगलं असेल तर?

बरोबर शंका आहे. अशा छोट्या आकड्यावर "कार्ड जाण्याचं प्रमाण अमुक टक्के" असं म्हणता येत नाही, एका घराने इकडचं तिकडे होतं. म्हणून प्रश्न उलटा फिरवायचा: वॉरंटी वसूल व्हायला किती घरांची कार्डं जायला हवी होती?

68,400 मधून पंप, लॉक आणि व्हॉल्व्हचे 4,200 वजा केले की 64,200 राहतात. त्याला 7,200 ने भागलं की जवळजवळ 9 येतात. अठरापैकी नऊ घरांची कार्डं दोन वर्षांत जायला हवी होती. प्रत्यक्षात एकाचं गेलं. आम्ही तिपटीने चुकलो असलो, तीन गेली असती, तरी उत्तर बदलत नाही. फरक इतका मोठा असतो तेव्हा नमुना छोटा असला तरी चालतो. तुमच्याकडे उत्तर काठावर आलं, समजा भरपाई 2,500 आणि किंमत 3,000, तर मात्र या आकड्यांच्या भरवशावर घट्ट बोलू नका. तिथे स्वभावाप्रमाणे ठरवलंत तरी फारसं बिघडत नाही.

इतकं विचारत बसायला वेळ नाही. झटपट काही?

वॉरंटीच्या किमतीला एका मध्यम, भरून मिळणाऱ्या दुरुस्तीच्या बिलाने भागा. वरच्या चार बिलांची सरासरी 2,850 येते. 3,800 भागिले 2,850 म्हणजे 1.3. दोन वर्षांत प्रत्येक मशिन एकदाच्या वर बिघडलं तरच पैसे वसूल, असा त्याचा अर्थ. तुमचा आकडा 1 च्या वर गेला तर काउंटरवरच नाही म्हणा. 0.3 च्या खाली आला तर विचार करायला हरकत नाही.

सेल्समन म्हणतो, "साहेब, कार्ड गेलं तर दहा हजार!" खोटं आहे का?

खोटं नाही, अर्धं आहे. कार्डाची किंमत तो सांगतो, कार्ड किती जणांचं जातं ते सांगत नाही. मीही सांगायचो नाही. ते मला माहीतही नव्हतं, दुकानातल्या कोणालाच नसतं, कारण बिघाडाची तक्रार दुकानात न येता सर्व्हिस सेंटरला जाते.

आणखी एक गोष्ट. कार्ड गेलं तर प्रत्येक वेळी नवंच घ्यावं लागतं असंही नाही. शहरात कार्ड दुरुस्त करणारे असतात. एखादा रिले किंवा कपॅसिटर बदलून ते बऱ्याचदा नव्याच्या काही अंशी किमतीत चालू करून देतात. मात्र कार्डावर राळ ओतलेली असते, ती खरवडावी लागते आणि काही कार्डं त्यात वाचत नाहीत. काम होण्याआधी "चालू झालं तरच पैसे आणि किती महिन्यांची गॅरंटी" हे बोलून घ्या.

ऑनलाइन रिव्ह्यू वाचून अंदाज येतो का?

किती मशिनं बिघडतात याचा नाही. ज्याचं मशिन चार वर्षं मुकाट चाललं तो रिव्ह्यू लिहायला परत येत नाही, आणि बरेच रिव्ह्यू पहिल्या आठवड्यातले, डिलिव्हरी आणि बसवण्याबद्दलचे असतात. काय बिघडतं हे मात्र कळतं. एक-तारा रिव्ह्यूंमधून एक-दोन वर्षांहून जुन्या मशिनचे तेवढे वेगळे काढा. एकाच मॉडेलखाली एकच एरर कोड किंवा एकच पार्ट पुन्हा पुन्हा दिसला तर ते मॉडेलच टाळा. वॉरंटी घेऊन त्याच्यावर पांघरूण घालू नका.

अटींमध्ये नेमकं काय शोधायचं?

सगळी पानं कोणी वाचत नाही, मीही नाही. पण एवढं शोधा.

प्लॅन कोणाचा आहे ते आधी पाहा: मशिनच्या कंपनीचा, दुकानाचा, की तिसऱ्याच कोणाचा? कंपनीचा असेल तर तिचाच माणूस येतो आणि पार्ट टाकून जातो. तिसऱ्या कोणाचा असेल तर कधीकधी आधी तुम्ही बिल भरायचं आणि मग ते परत मागायचं, असा मामला असतो.

मग वगळलेल्या गोष्टींची यादी. रबर, प्लॅस्टिक, काच, गंज, उंदीर-झुरळ, विजेचा चढउतार, बाहेरची वस्तू. यातलं "विजेचा चढउतार" सगळ्यात बोचणारं, कारण कार्ड जाण्याचं ते नेहमीचं कारण. ज्या कार्डाच्या भीतीने प्लॅन घेतला त्याच कार्डाला हे वाक्य आडवं येऊ शकतं. ते असेल तर हिशोबातून कार्डाचे पैसे कमी धरा. कोकणात, खाडीच्या बाजूला राहत असाल तर "गंज" हा शब्द तितकाच महाग पडतो.

आणि भरपाईची मर्यादा. काही प्लॅनमध्ये दरवर्षी मशिनची किंमत घसरलेली धरतात आणि दुरुस्ती त्यापुढे गेली तर ठरलेली रक्कम देऊन प्लॅन बंद करतात.

घ्यायचीच असेल तर मशिनबरोबरच घ्यावी लागते का?

बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत कधीही वाढीव वॉरंटी देतात, आणि ती संपल्यावर एएमसी म्हणजे वार्षिक देखभाल करार असतोच. दुकानदार "आत्ताच मिळेल" म्हणतो ते त्याच्या दुकानाच्या प्लॅनबद्दल. म्हणून खरेदीच्या दिवशी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून विचारा: "नंतर कधीपर्यंत घेता येईल आणि तेव्हाची किंमत काय?"

नंतर घेता येत असेल तर थांबण्यासारखं दुसरं काही नाही. बावीस-तेवीस महिने मशिन वापरून झाल्यावर तुमच्याकडे तुमच्याच मशिनचा इतिहास असतो. दोन वर्षांत मेकॅनिक एकदाही आला नाही तर घेऊ नका. दोनदा कार्डाचीच तक्रार आली आणि दोन्ही वेळा फुकट बदलून मिळालं, तर मी स्वतः डोळे झाकून वाढीव वॉरंटी घेईन. अशा मशिनच्या बाबतीत सोसायटीची सरासरी लागू होत नाही.

एएमसी घेताना पार्टसकट आहे की फक्त सर्व्हिसची, हे विचारा. पार्ट नसलेली एएमसी म्हणजे व्हिजिट चार्जची आगाऊ खरेदी.

मग ही वॉरंटी कोणीच घेऊ नये का?

तसं नाही. आमच्याच मजल्यावरच्या एका काकू एकट्या राहतात, मुलगा परदेशात. त्यांनी घेतली आणि मी अडवलं नाही. मेकॅनिक शोधणं, घासाघीस करणं, त्याने टाकलेला पार्ट खरा की खोटा हे ओळखणं, या कटकटीचे पैसे त्या मोजतात आणि त्यांना ते परवडतात. अचानक आलेलं सात हजारांचं बिल ज्या महिन्यात झेपणार नाही अशा घरालाही हा विचार लागू होतो. पण त्यांनी आधी 3,800 बाजूला टाकून बघावेत. दोन वर्षांत काही झालं नाही तर ते तिथेच असतात, आणि सहाव्या वर्षी बेअरिंग आलं की उपयोगी पडतात.

वॉशर-ड्रायर एकत्र असलेलं मशिन असेल तर वेगळा हिशोब करा. त्यात वाळवणीचा पंखा, जास्तीचा हीटर, सेन्सर असा पसारा असतो आणि शेजाऱ्यांच्या साध्या फ्रंट लोडचे आकडे त्याला लागत नाहीत. तालुक्याच्या गावी असाल तर आधी जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते बघा. वॉरंटी कागदावर असूनही माणूस दहा दिवस येत नसेल, तर चौथ्या दिवशी तुम्ही गावातल्याच मेकॅनिकला बोलावणार.

टीव्ही, एसी, फ्रिजलाही हेच लागू?

रीत तीच, आकडे वेगळे. टीव्हीत पॅनेल एकटंच इतकं महाग असतं की ते गेलं की लोक टीव्हीच बदलतात. म्हणून पॅनेल प्लॅनमध्ये आहे का, एवढाच प्रश्न. एसीचं कॉइल गळून गॅस जाणं हे तिसऱ्या-चौथ्या वर्षीही घडतं, विशेषतः नाल्याजवळ किंवा समुद्राजवळ. त्यामुळे एसीत वॉरंटी परवडण्याची शक्यता वॉशिंग मशिनपेक्षा जास्त, पण गॅस भरणं प्लॅनमध्ये लिहिलेलं हवं. मिक्सर, इस्त्री, टोस्टरवर कोणी विकायला आलं तर हसून पुढे चला.

ऑनलाइन घेताना वॉरंटी आपोआप कार्टमध्ये आली. हे चालतं का?

नाही. तुमच्या संमतीशिवाय कार्टमध्ये वस्तू किंवा सेवा घालणं हा 2023 च्या डार्क पॅटर्नविषयीच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्राहकाची दिशाभूल करणारा प्रकार मानला जातो. पैसे भरण्याआधी एकूण रक्कम वस्तूच्या किमतीशी ताडून पाहा. कापले गेले असतील तर आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा, दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

वॉरंटी घेऊन टाकली आहे. आता काय?

आधी प्लॅनच्या कागदावर रद्द करण्याची मुदत आहे का बघा. काही प्लॅनमध्ये सुरुवातीचे काही दिवस पैसे परत मिळतात.

ठेवायची असेल तर मशिनच्या दारामागच्या किंवा पाठीवरच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर प्लॅनवरच्या नंबरशी जुळवा. एक आकडा चुकला की तिसऱ्या वर्षी फोनवर तासभर जातो. मशिन बसवताना मागचे ट्रान्झिट बोल्ट काढलेत ना हेही बघा. ते तसेच राहिले तर पहिल्याच स्पिनला मशिन नाचतं आणि त्या नुकसानीला बहुधा कोणीच हात लावत नाही.

आणि बिलाचा फोटो आजच काढा. दुकानातलं बिल थर्मल कागदावरचं असतं. माझ्या फ्रिजचं बिल मी तीन वर्षं फाइलमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं, आणि काढलं तेव्हा पिशवीत एक पांढरा, कोरा कागद निघाला.